व्हॉल्व्ह बंद, पाणी चालूच

साडेपाच किलोमीटर लांबीची, ६०० मिलिमीटर व्यासाची एक पोलादी जलवाहिनी घेऊ. एका टोकाला टेकडीवरची संतुलन टाकी, दुसऱ्या टोकाला शहरातला उंच जलकुंभ आणि जलकुंभाच्या पायथ्याशी मोटरवर चालणारा एक बटरफ्लाय व्हॉल्व्ह. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने, म्हणजे माणूस झपझप चालतो त्या वेगाने, येतंय. उदाहरण कागदावरचं आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहराच्या पाणीयोजनेत अशी गुरुत्ववाहिनी सापडेल. तिच्या पोटात एका वेळी असलेल्या पाण्याचं वजन काढलं तर ते दीड हजार टनांच्या वर भरतं. आता जलकुंभ भरला, वरून ओसंडायला लागला, आणि ऑपरेटरने बटण दाबलं. व्हॉल्व्ह आठ सेकंदांत मिटला. चालत आलेल्या या दीड हजार टनांचं पुढे काय झालं?

ते सगळे एकदम थांबले, असं आपण समजतो. तसं होत नाही. वारीतली दिंडी चालताना सगळ्यात पुढचा वारकरी अचानक थांबला, तर त्याच्या मागचा दोन पावलं पुढे येऊन त्याला टेकतो, मग त्याच्या मागचा, मग आणखी मागचा. थांबणं मागे मागे सरकत जातं, आणि शेपटाकडची माणसं तोवर निवांत चालत असतात. जलवाहिनीत हेच घडतं. व्हॉल्व्हला लागून असलेलं पाणी थांबतं, दाबलं जातं. त्याच्यावर मागचं पाणी येऊन आदळतं, तेही थांबतं आणि दाबलं जातं. थांबलेल्या आणि चालत्या पाण्यामधली ही सीमा टाकीच्या दिशेने धावत सुटते. तिचा वेग या नळात सेकंदाला जवळजवळ १,१०० मीटर आहे. तरीही टाकीपर्यंत पोचायला तिला पाच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात टाकीतून पाणी नळात शिरतच असतं, कारण पुढे दार लागलंय हे तिथे अजून कळलेलंच नसतं.

व्हॉल्व्ह क्षणात मिटला असं धरलं, तर या पाच सेकंदांत साडेसात मीटर लांबीचं, म्हणजे दोन हजार लिटरच्या थोडं वर, जादा पाणी बंद नळात कोंबलं जातं. भरलेल्या नळात त्याला जागा कुठून मिळते? अर्ध्याहून थोडी जास्त पाण्याच्याच आकसण्यातून. पाणी दाबलं जात नाही हे शाळेतलं वाक्य इथे सोडून द्यावं लागतं. ते दाबलं जातं, फक्त फार चिवटपणे. उरलेली जागा नळ फुगून देतो. आठ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळाचा व्यास या वेळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका वाढतो. एवढीशी जागा काढण्यासाठी दाब किती चढावा लागतो, हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. इंजिनियर त्याला वॉटर हॅमर म्हणतात, पुस्तकात जलाघात असंही लिहितात.

या दाबाचा हिशेब मॉस्कोच्या नळांवर पक्का झाला. तिथल्या पाणीपुरवठ्याचे मुख्य नळ फुटत होते आणि कारण नीट उमगत नव्हतं. १८९७ मध्ये अलेक्सेयेव्स्काया पंपिंग स्टेशनच्या आवारात निकोलाय झुकोव्स्की यांनी खास नळ टाकून प्रयोग सुरू केले. हे झुकोव्स्की पुढे रशियन विमानशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले. दोन, चार आणि सहा इंची नळ, शिवाय एक चोवीस इंची मुख्य वाहिनी. टोकाला झटक्यात मिटणारा व्हॉल्व्ह आणि जागोजागी दाब नोंदणारी उपकरणं. लहर सेकंदाला १,००० ते १,३०० मीटर वेगाने धावते हे त्यांनी मोजलं. दाब किती चढेल हे नळाच्या लांबीवर अवलंबून नाही, हेही प्रयोगांतून दिसलं. दाबवाढ ठरते ती तीन गोष्टींच्या गुणाकाराने:

दाबवाढ = पाण्याची घनता × लहरीचा वेग × थांबवलेला प्रवाहवेग

जाता जाता एक गंमत. हेच समीकरण योहानेस फॉन क्रीस या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८३ मध्येच मांडलं होतं. तो नळांचा नव्हे, धमन्यांचा आणि नाडीच्या ठोक्यांचा अभ्यास करत होता. नळवाल्यांनी त्याचं लिखाण वाचलंच नाही, आणि समीकरणाला नाव झुकोव्स्कींचं लागलं.

आपल्या वाहिनीचे आकडे घालून पाहू. आधी लहरीचा वेग. अगदी न फुगणाऱ्या नळात तो पाण्यातल्या आवाजाच्या वेगाइतका, सेकंदाला साधारण १,४८० मीटर असता. पण नळ फुगतो, आणि जितका फुगतो तितकी लहर मंदावते. म्हणून नळाचा व्यास त्याच्या जाडीच्या किती पट आहे आणि नळ कशाचा आहे, हे दोन्ही पाहावं लागतं. आपला नळ पोलादी, व्यास जाडीच्या ७५ पट; त्यातून १,१०० चा आकडा निघतो. दीड मीटरचा वेग पूर्ण थांबवला तर गुणाकार होतो सुमारे साडेसोळा बार. पाणीवाल्यांच्या भाषेत, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलं तर १६८ मीटर. धातूच्या नळाला लक्षात ठेवण्यासारखा अंदाज असा की सेकंदाला एक मीटर वेग मारला की शंभर-सव्वाशे मीटर दाब चढतो.

संतुलन टाकीतलं पाणी व्हॉल्व्हपेक्षा ६० मीटर उंचीवर आहे असं धरू. पाणी वाहत असताना त्यातले वीसेक मीटर नळाच्या घर्षणात जातात, म्हणून व्हॉल्व्हपाशी चालू दाब ४० मीटरच्या आसपास असतो. त्यावर १६८ चढले की झाले २०८. आणि तेवढ्यावरही भागत नाही. लहर मागे सरकत जाते तसतसं प्रत्येक टप्प्यावरचं पाणी थांबतं आणि घर्षणात जाणारा दाब तिथे जमा व्हायला लागतो. म्हणून लांब वाहिनीत पहिल्या उसळीनंतरही व्हॉल्व्हपाशी दाब काही सेकंद हळूहळू चढतच राहतो. लहान नळात हा भाग नगण्य असतो. लांब वाहिनीत तो विसरला तर हिशेब कमी पडतो.

हाच नळ एचडीपीईचा असता तर? ते प्लास्टिक बरंच फुगतं, लहर सेकंदाला २५० ते ३०० मीटरवर येते आणि दाबवाढ चाळीस मीटरच्या घरात उतरते. ऐकायला सोय वाटते, पण तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ती कुठे, ते पुढे येईल.

इथवर आपण व्हॉल्व्ह क्षणात मिटला असं धरलं. प्रत्यक्षात आठ सेकंद लागले होते. आठ सेकंद म्हणजे हळू की अचानक? याचं उत्तर घड्याळात नाही, नळाच्या लांबीत आहे.

दाबाची लहर पाच सेकंदांत टाकीपाशी पोचते. टाकी मोठी, तिची पातळी काही हलत नाही, म्हणून तिथे चढलेला दाब टिकू शकत नाही. दाबलेलं पाणी टाकीत परत शिरायला लागतं आणि दाब उतरल्याची लहर उलट व्हॉल्व्हकडे निघते. तिलाही पाच सेकंद लागतात. म्हणजे व्हॉल्व्हला टाकीचा प्रतिध्वनी मिळतो तो दहा सेकंदांनी, आणि तोवर व्हॉल्व्हच्या दृष्टीने टाकी अस्तित्वातच नसते. त्या दहा सेकंदांत जेवढा वेग मारला जाईल, तेवढ्या वेगाची पूर्ण दाबवाढ भोगावी लागते. आठ सेकंदांत व्हॉल्व्ह मिटला, म्हणजे सगळाच वेग प्रतिध्वनीच्या आत मारला गेला. या नळापुरते आठ सेकंद आणि एक क्षण यांत काहीच फरक नाही. घरातल्या दहा मीटरच्या नळाला आठ सेकंद म्हणजे युग. साडेपाच किलोमीटरच्या वाहिनीला ते डोळ्याचं पातं लवण्याइतके. एचडीपीईची किंमत इथे समोर येते: तिथे प्रतिध्वनीलाच चाळीस सेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या मिनिटात मिटवलेला व्हॉल्व्हही ‘अचानक’ या सदरात मोडतो.

याच विचाराने पुढचा अंदाज तोंडी करता येतो. व्हॉल्व्ह साठ सेकंदांत मिटवला आणि वेग एकसारखा उतरत गेला, तर प्रतिध्वनी येईपर्यंत वेगाचा सहावा भाग मारला जाईल. १६८ चा सहावा भाग २८ मीटर. हे सोसण्यासारखं आहे. कंत्राटदार साठ सेकंदांचा गिअर बसवतो, कागदावर २८ मीटर लिहितो, आणि सगळे खूश होतात.

फसगत इथेच आहे, कारण व्हॉल्व्ह एकसारखा फिरला तरी वेग एकसारखा उतरत नाही. लांब वाहिनीत प्रवाह कोण अडवून धरतो, तर साडेपाच किलोमीटरचं घर्षण. त्या मानाने अर्धा मिटलेला व्हॉल्व्ह म्हणजे किरकोळ अडथळा. आपल्या वाहिनीत व्हॉल्व्ह ऐंशी टक्के मिटला तरी प्रवाह मूळच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास टिकून असतो. म्हणजे पहिल्या अठ्ठेचाळीस सेकंदांत नुसती हालचाल झाली. उरलेला सेकंदाला १.१ मीटरचा वेग शेवटच्या बारा सेकंदांत मारायचा आहे. दहा सेकंदांच्या प्रतिध्वनीपुढे बारा सेकंद म्हणजे जवळजवळ अचानकच. दाबवाढ २८ मीटर नव्हे, शंभराच्या वर जाते. अशी वाहिनी फुटली की जो तो घड्याळ दाखवून सांगतो, व्हॉल्व्ह तर मिनिटभर घेऊन मिटवला होता. त्याचं म्हणणं खरंच असतं.

दाब चढण्याची बाजू एवढी. उतरण्याची बाजू जास्त खोडकर आहे. प्रतिध्वनी परत येतो तेव्हा नळातलं सगळं पाणी टाकीकडे उलट निघालेलं असतं, आणि इकडे व्हॉल्व्ह बंद. पाणी व्हॉल्व्हपासून ओढलं जातं आणि दाब जितका वर गेला होता तितकाच खाली जाऊ पाहतो. साठातून १६८ वजा केले तर उणे शंभरच्या पलीकडे. पण पाण्याला असा उणे दाब सोसत नाही. वातावरणापेक्षा नऊ-दहा मीटर खाली गेलं की ते थंड असतानाच उकळतं, त्याची वाफ होते, आणि नळात पोकळी तयार होऊन पाण्याचा स्तंभ तुटतो. काही सेकंदांनी दोन्ही बाजूंचं पाणी त्या पोकळीत परत धावतं, वाफ क्षणात विरते आणि पाणी पाण्यावर आदळतं. या आदळण्यातून येणारा दाब कधी कधी पहिल्या उसळीपेक्षाही जास्त असतो, आणि तो काही मिलिसेकंदच टिकतो. घण मारल्यासारखा आवाज येतो तो बहुतेक वेळा इथे. पोकळी व्हॉल्व्हपाशीच होईल असंही नाही. वाहिनी जिथे चढ चढून टेकाडावर जाते तिथे दाब मुळातच कमी असल्याने स्तंभ आधी तिथे तुटतो. म्हणून व्हॉल्व्हपासून तीन किलोमीटरवरच्या शेतात नळ फुटतो आणि व्हॉल्व्हवर कुणाचा संशयही जात नाही.

दूरच्या फुटीचं दुसरं कारण झुकोव्स्कींनीच नोंदवलं होतं. मुख्य वाहिनीतून एखादी फांदी निघते आणि पुढे बंद टोकाला संपते. नव्या ले-आउटसाठी टाकून ठेवलेली, अजून न जोडलेली लाइन हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य. दाबाची लहर त्या फांदीत शिरते, बंद टोकावर आपटून परत फिरते, आणि टोकापाशी दाबवाढ जवळजवळ दुप्पट होते. मुख्य नळ शाबूत राहतो आणि कोपऱ्यातलं बूच उडतं.

तसा आपला पोलादी नळ २०८ मीटर दाबाने फाटणार नाही. आठ मिलिमीटर जाडी त्याला पुरून उरते. मोडतं ते त्याच्या आजूबाजूचं. मिटलेल्या व्हॉल्व्हच्या तबकडीवर एरवी, ६० मीटर दाबाला, सतरा टनांचा रेटा असतो. २०८ मीटरला तो ५९ टनांवर जातो. हा रेटा शेवटी फ्लँजच्या बोल्टांवर आणि नळाला धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या थ्रस्ट ब्लॉकवर येतो. ब्लॉक सतराच्या हिशेबाने ओतला असेल तर तो सरकतो, नळ सांध्यातून निसटतो. दहा बारचा व्हॉल्व्ह, दहा बारचे एअर व्हॉल्व्ह यांची अंगं तडकतात. बिडाच्या आणि सिमेंटच्या जुन्या नळांमध्ये मात्र नळच उभा चिरतो. मोठ्या व्यासाच्या पातळ पोलादी नळांचं उलटंच दुखणं: जाडी व्यासाच्या दोनशेव्या भागाइतकीच असेल तर आतल्या निर्वातामुळे बाहेरची हवाच नळाला चेपून सपाट करते.

उपायांत सगळ्यात स्वस्त उपाय व्हॉल्व्हच्या मोटरमध्येच आहे: दोन टप्प्यांत मिटवणं. पहिला ऐंशी टक्के प्रवास मिनिटभरात उरकायचा, कारण त्यात फारसं बिघडत नाही, आणि शेवटचे वीस टक्के चार मिनिटं घेऊन. आपल्या आकड्यांनी, १.१ मीटरचा वेग २४० सेकंदांत एकसारखा उतरला तर दाबवाढ पाच मीटर. अगदी शेवटच्या मिनिटातच बहुतेक वेग सांडला, असं वाईटात वाईट धरलं तरी वीसेक मीटर. जिथे हाताने चाक फिरवायचं आहे तिथे मोठ्या व्हॉल्व्हला बगलेतून एक छोटा बायपास देतात. आधी मोठा, मग सावकाश छोटा. यात एकच अडचण, जलकुंभ ओसंडायला लागल्यावर पाच मिनिटं कुणाला धीर नसतो. म्हणून बटण दाबायची वेळ पातळी काठाला लागण्याच्या आधीची ठरवावी लागते. नळशास्त्राइतकंच हे टाकीच्या पातळीमापकाचं काम आहे.

पण काही ठिकाणी हळू मिटवण्याची मुभाच नसते. जलविद्युत केंद्रात वीजवाहिनीवर बिघाड होऊन जनित्रावरचा भार अचानक सुटला, तर टर्बाइन बेफाम होण्याआधी पाणी काही सेकंदांत तोडावंच लागतं. तिथे वेळ वाढवता येत नाही, म्हणून लांबी तोडतात. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांसाठी शिवसागरातून पाणी नेणारं भुयार पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांब आहे. पोफळीच्या भूमिगत वीजघराकडे उतरणाऱ्या दाबवाहिन्या सुरू होण्याआधी डोंगरात एक सर्ज वेल, उल्लोळ विहीर, खोदलेली आहे. टर्बाइनची दारं मिटली की लहरीला भुयारभर पलीकडे जलाशयापर्यंत जावं लागत नाही. विहिरीच्या मोकळ्या पाण्यावरूनच प्रतिध्वनी परततो. भुयारातलं चालतं पाणी विहिरीत वर चढतं, थांबतं, परत उतरतं, आणि ही संथ वरखाली काही मिनिटं चालते. दाबाच्या झटक्याचं रूपांतर पातळीच्या हेलकाव्यात झालं. शहराच्या गुरुत्ववाहिनीला असा उघडा उभा नळ द्यायचा तर तो साठ मीटरच्या वर उंच हवा, म्हणून तिथे हवेच्या उशीची बंद टाकी बसवतात. एअर व्हेसलमधली कोंडलेली हवा दाबली जाऊन तेच काम करते.

सर्ज रिलीफ व्हॉल्व्हबद्दल माझं मत जरा कडू आहे. ठरलेल्या दाबाला उघडून पाणी बाहेर सोडायचं, ही कल्पना चोख आहे. पण तो वर्षानुवर्षं न उघडता बसतो, गंजतो, गळायला लागतो. मग त्याच्या खालचा स्लुईस व्हॉल्व्ह कुणी तरी बंद करून टाकतो आणि गळती थांबली म्हणून फाइलही बंद होते. एअर व्हॉल्व्हचं नशीबही तेच, आणि स्तंभ तुटू पाहतो तेव्हा आत हवा घेऊन निर्वात मोडणारा तोच असतो. शिवाय एअर व्हॉल्व्ह आत घेतलेली हवा भस्सकन बाहेर सोडत असेल तर पाण्याचे दोन स्तंभ त्याच्याखालीच धडकतात. म्हणून आत घेणारं तोंड मोठं आणि बाहेर सोडणारं बारीक, असा प्रकार निवडावा लागतो.

फांद्या, पंप, चढउतार असलेल्या खऱ्या वाहिनीत हा हिशेब संगणकावरच होतो. नळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला दाब आणि वेग क्षणाक्षणाला काढत पुढे जातात. हाताचा हिशेब मात्र कमाल किती याची कल्पना देतो आणि संगणकाच्या उत्तरात काही भलतंच निघालं तर ते पकडतो.

राहता राहिलं प्रत्यक्ष मोजणं. योजनेच्या नियंत्रण कक्षात दाब मिनिटाला एकदा नोंदला जात असेल, तर दहा सेकंदांची ही घडामोड दोन नोंदींच्या मध्येच उरकते आणि पडद्यावर सरळ रेघ दिसते. सेकंदाला निदान शंभर नोंदी घेणारा लॉगर व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला बसवला तर चित्र उघडं होतं, आणि त्यातून झटक्यापलीकडचंही कळतं. झुकोव्स्कींनीच सुचवलं होतं की या आलेखावरून नळातली गळती किंवा अडकलेली हवा कुठे आहे ते शोधता येईल. आपल्या वाहिनीचा प्रतिध्वनी दहा सेकंदांनी यायला हवा. व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून तो झटक्यात मिटवला, म्हणजे लहर छोटी आणि निरुपद्रवी राहिली, आणि आलेखात ३.६ सेकंदांवरच एक खळगा दिसला, तर लहर कशावरून तरी आधीच परतली आहे. जाऊन येऊन ३.६ सेकंद, म्हणजे एका बाजूने १.८, गुणिले १,१००. व्हॉल्व्हपासून सुमारे दोन किलोमीटर मागे जाऊन पाहायचं: तिथे टेकाडावर बंद पडलेला एअर व्हॉल्व्ह आहे की सांधा गळतोय.